तासगाव भाग: इन्व्हर्टरचं अँटी-आयलँडिंग बंद करून दिलंय, तसंच ठेवू का?

द्राक्षमळा
नमस्कार मंडळी. बेदाणा शेडच्या पत्र्यावर 10 किलोवॅटचं ऑन-ग्रीड सोलर आहे, थ्री फेज, नेट मीटर झालंय. उन्हाळा लागल्यापासून रोज दुपारी 11 ते 3 मध्ये इन्व्हर्टर बंद पडायचा, स्क्रीनवर `Grid Overvoltage`, मग एखाद मिनिटानं परत चालू, परत बंद, असं दिवसभर. इन्स्टॉलरला बोलवलं तर त्यानं मोबाईल जोडून सेटिंगमध्ये काहीतरी केलं आणि म्हणाला झालं काम. खरंच झालं, आता दिवसभर चालतोय, युनिट पण वाढले. पण मी नंतर ॲपमध्ये बघितलं तर वरची व्होल्टेज लिमिट 253 होती ती 280 केलीय आणि खाली `Anti-Islanding` च्या पुढं `Disable` आहे. त्याला फोन केला तर म्हणतो गावाकडच्या लाईनला असंच करावं लागतं, सगळीकडं करतो. आमच्या डीपीवर अजून दोन घरांवर 5-5 किलोवॅट आहे, ते पण त्याचंच काम. हे बरोबर आहे का, कुणाला माहिती असेल तर सांगा.

जनमित्र_वाळवा
दादा आधी ते परत चालू करा, बाकीचं मग वाचा. मी लाईनवर काम करतो. आमच्यातला माणूस डीओ, म्हणजे डीपीच्या वरचा 11 केव्हीचा फ्यूज, पाडून डीपीवर चढतो तेव्हा खालनं तुमच्या शेडमधनं करंट यायला नको म्हणूनच ते सेटिंग असतंय. ते बंद केलंय म्हणजे काय केलंय ते त्या इन्स्टॉलरला कळतंय का नाही माहीत नाही, पण तुमच्या डीपीवर जो वायरमन आहे त्याला तर कुणीच सांगितलेलं नसणार.

रूफटॉप_संग्राम
मी पण सांगली-मिरज भागात सोलरची कामं करतो, म्हणून सांगतो उगाच घाबरू नका. ऑन-ग्रीड इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज तयार करत नाही, तो लाईनचं व्होल्टेज बघून तिच्या तालात करंट ढकलतो. लाईनच गेली तर ताल कुणाचा धरणार? रेफरन्स गेला की तो मरतोच, ते सेटिंग असो नसो. मी प्रत्येक साईटवर टेस्ट करून दाखवतो, मेन पाडला की क्षणात इन्व्हर्टर बंद. 280 करणं चूक आहे हे मान्य, घरातली उपकरणं जळतील, पण लाईनमनच्या जिवाला धोका वगैरे जनरेटरमुळं होतो, ऑन-ग्रीडमुळं नाही.

शुभदा_साताराएमआयडीसी
संग्रामदादा, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, पण त्यावरनं काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. मी प्रोटेक्शन रिले आणि इन्व्हर्टर टेस्टिंगमध्ये आहे, थोडं सविस्तर लिहिते, कारण हा गैरसमज चांगल्या चांगल्या लोकांचा असतो.

तुम्ही मेन पाडून टेस्ट करता तेव्हा काय होतं बघा. दुपारी इन्व्हर्टर देतोय समजा 8 किलोवॅट आणि मेनच्या आत घरात लोड आहे एखादा किलोवॅट. बाहेर जाणारी वाट बंद झाली, 8 किलोवॅट त्या एवढ्याशा लोडवर जाऊन आदळले, व्होल्टेज एकदम वर उडालं आणि ओव्हरव्होल्टेजवर इन्व्हर्टर पडला. म्हणजे तो रेफरन्स गेला म्हणून पडला नाही, जुळत नव्हतं म्हणून पडला. जुळत असतं तर? तुटलेल्या तुकड्यात जेवढं तयार होतंय साधारण तेवढंच खाल्लं जातंय अशी वेळ असेल तर लाईन गेल्यावर पण तारेवर व्होल्टेज तसंच राहतं, आणि इन्व्हर्टर त्या राहिलेल्या व्होल्टेजचाच ताल धरतो. त्याच्या दृष्टीनं लाईन गेलेलीच नसते. लाईन गेल्यावर पण असा चालू राहिलेला तुकडा म्हणजेच आयलँड, आणि तुमच्या मेन पाडायच्या टेस्टमध्ये तो कधीच तयार होत नाही.

रूफटॉप_संग्राम
पण बरोब्बर तेवढंच लोड असायला पाहिजे ना मॅडम, हजारात एखाद्या वेळी जुळेल.

शुभदा_साताराएमआयडीसी
बरोब्बर लागत नाही, हाच तर मुद्दा आहे. द्राक्षमळा यांचाच डीपी घेऊ. तीन छतं मिळून 20 किलोवॅट, दुपारी प्रत्यक्षात 16 मिळतात असं धरू. लोड साधं, म्हणजे हीटर-बल्बसारखं धरलं तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. आपल्याकडं केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या, म्हणजे सीईएच्या, 2013 च्या नियमात व्होल्टेज 80 टक्क्यांच्या खाली किंवा 110 टक्क्यांच्या वर गेलं की 2 सेकंदांत सुटायचं असं आहे. 230 ला 110 टक्के म्हणजे 253, ती तुमची मूळ लिमिट तिथनंच आलीय.

आता गणित करा. 1.1 चा वर्ग 1.21, 16 भागिले 1.21 म्हणजे 13 किलोवॅटच्या जरा वर. खालच्या बाजूला 0.8 चा वर्ग 0.64, 16 भागिले 0.64 म्हणजे 25 किलोवॅट. म्हणजे डीओ पडला त्या वेळी डीपीवर 13 ते 25 मधलं कुठलंही लोड असलं तरी नुसत्या व्होल्टेजवरनं इन्व्हर्टरला काही कळणार नाही. आणि लिमिट 280 केली की खालचा आकडा जवळपास 11 वर येतो. मोटारी या वर्गाच्या हिशोबानं वागत नाहीत त्यामुळं हे ढोबळ आहे, पण पट्टा केवढा रुंद आहे ते कळेल. हजारात एखादी वेळ नाही ही, रोजची दुपार आहे.

डिप्लोमा_थर्डइयर
मॅडम फ्रिक्वेन्सी विसरलात का? व्होल्टेज राहिलं तरी फ्रिक्वेन्सी 50 वर कोण धरणार, ती सरकली की पडेल ना. आम्हाला 47.5 आणि 50.5 शिकवलंय.

शुभदा_साताराएमआयडीसी
विसरले नाही, त्याच्याकडंच येत होते. हे आकडे बरोबर आहेत आणि वेळ पण कडक आहे, 0.2 सेकंद. साधा इन्व्हर्टर फक्त खरी पॉवर देतो, मोटारीला चुंबकत्व उभं करायला लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर देत नाही. त्यामुळं आयलँड झालं की मोटारींना लागणारं रिॲक्टिव्ह जर तुकड्यातच कुठनं मिळत नसेल तर फ्रिक्वेन्सी वर वर पळत जाते, 50.5 ओलांडते आणि इन्व्हर्टर पडतो. मोटारी असलेल्या डीपीवर हे आपोआप संरक्षण देतं.

पण आपल्या भागात शेतपंपांना कपॅसिटर बसवलेले असतात, आणि बसवावेतच, लाईनचं नुकसान कमी होतं. मात्र कपॅसिटर मोटारीचं रिॲक्टिव्ह तिथल्या तिथं भागवतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी पळायचं कारणच कमी होतं. चांगले कपॅसिटर असलेल्या डीपीवर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही चौकटीत राहायची शक्यता वाढते. म्हणूनच नुसत्या चौकटीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणूनच त्या `Anti-Islanding` वाल्या ओळीत वेगळी युक्ती असते.

द्राक्षमळा
ती युक्ती काय असते? म्हणजे माझ्याकडं नेमकं काय बंद झालंय?

शुभदा_साताराएमआयडीसी
इन्व्हर्टर सतत अगदी थोडासा खोडसाळपणा करत असतो. फ्रिक्वेन्सी किंचित ओढून बघतो किंवा रिॲक्टिव्ह थोडं कमीजास्त करून बघतो. हातातल्या दोरीला अधूनमधून हिसका देऊन पलीकडं कुणी धरलंय का बघावं तसं. लाईन असेल तर एवढ्या मोठ्या ग्रीडला त्या हिसक्याचं काहीच वाटत नाही, फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही. लाईन गेलेली असेल तर ती हलते. हलली की इन्व्हर्टर त्याच दिशेनं अजून जोरात ओढतो, अजून हलते, आणि सेकंदाच्या आत ती चौकटीच्या बाहेर फेकली जाते. जुळलेलं आयलँड मुद्दाम मोडायचं हे काम आहे.

हे खरंच चालतं का याची टेस्ट आयईसी 62116 मध्ये आहे, आपल्याकडं आयएस 16169. त्यात लॅबमध्ये मुद्दाम सगळ्यात वाईट परिस्थिती तयार करतात, रेझिस्टन्स, कॉइल, कपॅसिटर असं लोड 50 ला ट्यून करून इन्व्हर्टरच्या पॉवरशी बरोबर जुळवतात, मग ग्रीड तोडतात आणि 2 सेकंदांत सुटला तर पास. तुमच्या इन्व्हर्टरचं सर्टिफिकेट हे फंक्शन चालू असतानाचं आहे. `Disable` केल्यावर ते सर्टिफिकेट त्या मशीनला लागू राहत नाही, नुसता कागद आहे.

कराडकर_88
माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, 3 किलोवॅट सूर्यघर योजनेतनं बसवलं, लाईट गेली की सोलर पण बंद, भर उन्हात पंखा नाही. एवढे पैसे घालून काय उपयोग. हे अँटी आयलँडिंग बंद केलं की लाईट गेल्यावर घर चालेल का? पासवर्ड कुणाकडं असतो?

जनमित्र_वाळवा
नाही चालणार भाऊ, आणि तसा विचार पण करू नका. बंद केलं तर तुमचं घर चालत नाही, पण गल्लीतल्या तारेत करंट राहू शकतोय. तुम्हाला बॅकअप पायजे असंल तर बॅटरीवाला हायब्रीड घ्या, त्यात लाईन गेली की आत कॉन्टॅक्टर पडून घर लाईनपासनं तुटतंय आणि मगच घर चालतंय.

कराडकर_88
हायब्रीड आहे शेजाऱ्याकडं, त्याच्या इलेक्ट्रिशियननं बॅकअपची वायर सरळ मेन बोर्डातच जोडलीय म्हणे, सगळं घर चालावं म्हणून. चालतंय त्याचं.

जनमित्र_वाळवा
त्या शेजाऱ्याला आज रात्रीच सांगा. बॅकअपची वायर मेन स्विचच्या लाईनीकडच्या बाजूला लागली असंल तर आतला कॉन्टॅक्टर पडून उपयोग काय, बाहेरनं रस्ता उघडाच. आम्ही खाली फ्यूज काढून खांबावर चढतो आणि त्याचा इन्व्हर्टर आमच्याच तारेत 230 सोडतोय.

आता माझं म्हणणं नीट मांडतो, कारण लोकांना वाटतंय आमच्याकडं परमिट असतंय, रॉड असतंय, मग काय. 11 केव्हीवर काम असलं की सबस्टेशनच्या ऑपरेटरकडनं परमिट घेतो, एबी स्विच उघडतो, लाईन चेक करतो, मग कामाच्या दोन्ही बाजूला डिस्चार्ज रॉड टाकून तिन्ही तारा शॉर्ट करून अर्थ करतो. हे केलं असंल तर मागनं सोलर आलं तरी माणूस वाचतोय. अडचण खालच्या कामाला आहे. डीओचा फ्यूज गेला, एलटीची, म्हणजे डीपीच्या खालच्या 433 व्होल्टच्या लाईनीची किटकॅट जळाली, जंप तुटला, असली कामं दिवसातनं कितीदा येतात आणि लोकांचे फोनवर फोन. एलटीला शॉर्ट करायची साखळी किती जण टाकतात ते मी इथं लिहीत नाही, पण सगळे टाकत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. फ्यूज काढले म्हणजे तार मेली असं धरून चालतात. आणि डीओ पाडलेल्या डीपीवर खालनं 433 आलं तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतोय, वरच्या बुशिंगला 11 हजार उभं राहतंय. डीओ उघडा दिसतोय डोळ्याला, म्हणून हात जातोय.

शुभदा_साताराएमआयडीसी
जनमित्रदादांनी लिहिलंय त्यात एक गोष्ट जोडते. सबस्टेशनमधनं पूर्ण फीडर बंद झाला तर काळजी कमी, कारण तिन्ही छतांचं 16 किलोवॅट अख्ख्या फीडरच्या लोडवर पडतं, व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर लगेच सुटतो. तोडलेला तुकडा जेवढा छोटा, तेवढी जुळायची शक्यता जास्त. एका डीपीचा डीओ पाडणं, एका गल्लीचे फ्यूज काढणं, हीच ती कामं, आणि नेमकी याच कामांना अर्थिंग कमी होतं. शिवाय 11 केव्हीची बाजू डेल्टा असते. एका तारेला माणसाचा हात लागला किंवा ती जमिनीला टेकली तरी त्या आयलँडमध्ये अर्थ फॉल्टचा करंट वाहायला नीट वाटच नसते, त्यामुळं सबस्टेशनचा रिले तर नाहीच, इन्व्हर्टरला पण त्यातनं काही कळत नाही.

रूफटॉप_संग्राम
मॅडम, मेन पाडायच्या टेस्टचं पटलं, मी ग्राहकांना तेच पुरावा म्हणून दाखवत होतो. पण मग एक सांगा, 2 सेकंदांत सुटायचं म्हणता, वायरमनला फ्यूज काढून खांबावर चढायलाच काही मिनिटं लागतात. टेस्टर लावूनच तो हात घालणार. मग एवढी अडचण कुठं आहे?

शुभदा_साताराएमआयडीसी
सेटिंग शाबूत असेल तर तुम्ही म्हणता तसंच आहे, माणूस वर पोचायच्या आत तार मेलेली असते. आणि एकदा मेली की ऑन-ग्रीड इन्व्हर्टर स्वतःहून तिला जिवंत करू शकत नाही, कारण व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किमान 60 सेकंद चौकटीत स्थिर दिसल्याशिवाय त्यानं जोडायचं नाही असा नियम आहे. सेटिंग काढून टाकलेलं असेल तर मात्र आयलँड मिनिटभर, पाच मिनिटं पण टिकू शकतं. ऊन आणि लोड जुळलेलं असेपर्यंत.

टेस्टरबद्दल मात्र वेगळं म्हणणं आहे. टेस्टर लावला त्या क्षणी तार मेली होती एवढंच तो सांगतो. चुकीचा जोडलेला हायब्रीड किंवा चेंजओव्हर नसलेला जनरेटर त्यानंतर दहा मिनिटांनी पण चालू होऊ शकतो. जनरेटरला लाईनचा ताल लागत नाही, तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो. म्हणजे संग्रामदादा, जनरेटरचा धोका मोठा हे तुमचं बरोबरच आहे, आणि वाईट म्हणजे जनरेटर चालू झाला की आजूबाजूचे चांगले ऑन-ग्रीड इन्व्हर्टर पण त्यालाच लाईन समजून 60 सेकंदांनी त्याला जोडले जाऊ शकतात. टेस्टर आणि अर्थिंग दोन्ही लागतं ते यासाठी. तारा शॉर्ट असतील तर मागनं इन्व्हर्टर आला तरी तो आपल्या रेटिंगपेक्षा थोडाच जास्त करंट देऊ शकतो, व्होल्टेज उभंच राहत नाही आणि तो सुटतो.

डिप्लोमा_थर्डइयर
एक शंका. फ्रिक्वेन्सी बदलायच्या वेगावरनं पण ओळखतात ना, आरओसीओएफ? ते जास्त सेन्सिटिव्ह ठेवलं तर ही हिसक्याची भानगडच नको.

शुभदा_साताराएमआयडीसी
ते करून झालंय. इंग्लंडमध्ये आरओसीओएफ 0.125 हर्ट्झ प्रति सेकंद इतकं नाजूक ठेवलं होतं, सोबत फेज एकदम उडी मारतो का ते बघणारं व्हेक्टर शिफ्ट. 9 ऑगस्ट 2019 ला तिथं मोठा बिघाड झाला तेव्हा त्यांच्याकडची लाईन गेलेली नसताना छोटे जनरेटर आणि सोलर लाईन गेली असं समजून सुटत गेले, आणि आधीच कमी पडणारी वीज अजून कमी झाली. त्यानंतर जुन्या प्लांटवर 1 हर्ट्झ प्रति सेकंदपर्यंत सैल करायचं आणि व्हेक्टर शिफ्ट काढायचं काम जोरात झालं. नाजूक ठेवलं की ग्रीडला त्रास, सैल ठेवलं की वायरमनला, यात दोन्हीकडनं ओढाताण आहे.

जनमित्र_वाळवा
मॅडम एक विचारतो. एका डीपीवर पाच कंपन्यांचे इन्व्हर्टर असले तर सगळ्यांचे हिसके एका दिशेला असतात का? एक वर ओढतोय, एक खाली ओढतोय असं झालं तर?

शुभदा_साताराएमआयडीसी
दादा, हा प्रश्न अगदी मुळावर आहे आणि माझ्याकडं याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर नाही. वेगवेगळ्या पद्धती एकमेकांना मारू शकतात, सुटायला वेळ जास्त लागू शकतो. लॅबची टेस्ट एका इन्व्हर्टरवर होते, पाचांच्या गोतावळ्यावर नाही. म्हणून ज्या डीपीवर छतं वाढलीत तिथं एलटीला साखळी टाकायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

रूफटॉप_संग्राम
हे बाकी सगळं ठीक आहे, पण द्राक्षमळा यांच्या मूळ दुखण्याचं काय? 253 ला परत आणलं की इन्व्हर्टर परत दुपारभर पडणार आणि ग्राहक इन्स्टॉलरच्याच नावानं ओरडणार. आम्हाला पण यातनंच जावं लागतं.

शुभदा_साताराएमआयडीसी
बरोबर, आणि ते दुखणं आयलँडिंगचं नव्हतंच. स्क्रीनवर सरळ ओव्हरव्होल्टेज लिहिलं होतं, अँटी-आयलँडिंग बंद करायचं काही कारणच नव्हतं. द्राक्षमळा, डीपी किती लांब आहे, तार कुठली, सर्व्हिस केबल कुठली? आणि दुपारी तिन्ही फेजचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून सांगा, डीपीवर पण जमलं तर वायरमनकडनं.

द्राक्षमळा
सेटिंग परवा इन्स्टॉलरच्या समोर बसून परत केली, 253 आणि `Enable`. दोन्ही शेजाऱ्यांची पण करून घेतली, एकाचं तर आधीपासून 280 च होतं. आज दुपारी मोजलं, इन्व्हर्टरपाशी 255, 254, 255 दिसलं की पडतो. डीपीवर आमच्या वायरमननं बघितलं, 246. डीपी साधारण 300 मीटर, खांबावरची तार सगळ्यात बारीक आहे म्हणाला, स्क्विरल. खांबापासून शेडपर्यंत 60 मीटर ॲल्युमिनियम केबल, 10 एमएम.

शुभदा_साताराएमआयडीसी
छान मोजलंत. तिन्ही फेज सारखेच वर आहेत म्हणजे न्यूट्रल सुटलेला नाही. न्यूट्रल ढिला असता तर एक वर आणि एक खाली दिसला असता. 10 किलोवॅट म्हणजे फेजला साडेचौदा अँपिअर. स्क्विरल तार किलोमीटरला 1.4 ओहमच्या आसपास, 300 मीटरला 0.42, त्यात व्होल्टेज 6 नं चढतं. सर्व्हिस केबल किलोमीटरला 3 ओहमच्या आसपास, 60 मीटरला जवळपास पावणेतीन व्होल्ट. 246 अधिक 6 अधिक पावणेतीन, 255 च्या जवळ. तुमचे आकडे तंतोतंत जुळतात.

म्हणजे 246 मुळातच जास्त आहे आणि वर तुमचे 9 व्होल्ट चढतात. केबल 25 एमएमची टाकलीत तर पावणेतीनचे साधारण 1 होतील, इन्व्हर्टरपाशी 253 च्या आसपास येईल, काठावरच. ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज कमीजास्त करायचा टॅप आहे का विचारा, छोट्या डीपींना बहुतेक नसतो. इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज चढलं की पॉवर हळूहळू कमी करायचं आणि थोडं रिॲक्टिव्ह शोषायचं सेटिंग असतं ते मात्र रीतसर चालू करता येतं. एकदम पडण्यापेक्षा दुपारी 10 च्या जागी 7-8 किलोवॅट देत राहील.

रूफटॉप_संग्राम
ते व्होल्ट-वॅटचं मी वापरलंय एका साईटवर, चांगलं चालतं. पण त्यामुळं गेलेले युनिट कोण भरून देणार हा प्रश्न ग्राहक विचारतोच, आणि तार बदलून मिळायला अर्ज करून किती महिने लागतात ते सगळ्यांना माहीत आहे.

जनमित्र_वाळवा
अर्ज द्या, डीपीवरचे 246 आणि शेडमधले 255 दोन्ही आकडे लिहून द्या, नुसतं व्होल्टेज जास्त येतंय लिहिलं की फाईल पडून राहती. आणि द्राक्षमळा, मला डीपीचा नंबर मेसेज करा. त्या भागात माझ्या ओळखीचा माणूस आहे, त्याला सांगून ठेवतो की या डीपीवर तीन छतं आहेत, फ्यूज काढल्यावर साखळी टाकल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. त्या इन्स्टॉलरनं बाकी गावात कुठं कुठं असं केलंय त्याची यादी मिळंल का बघा.

द्राक्षमळा
नंबर पाठवला दादा. यादी मागितली त्याला, लक्षात नाही म्हणतो, पण चार गावांची नावं सांगितली. उद्या त्यातल्या दोन ठिकाणी ओळखीचे आहेत, ॲप उघडून बघायला सांगतो.